पांढऱ्या पेशी ५८,०००: ब्लड कॅन्सर की ल्युकेमॉइड रिॲक्शन?

प्रश्न: वडील ६३ वर्षांचे. न्यूमोनियासाठी पाच दिवस ॲडमिट आहेत, ताप आता उतरतोय. काल पांढऱ्या पेशी ५८,००० आल्या. डिफरन्शियल असं आहे: न्यूट्रोफिल ७८, बँड ९, मेटामायलोसाइट ४, मायलोसाइट २, लिम्फोसाइट ५, मोनोसाइट २, इओसिनोफिल ०, बेसोफिल ०. हिमोग्लोबिन ११.२, प्लेटलेट ५.१ लाख. खाली शेरा आहे, 'ल्युकेमॉइड रिॲक्शन, सीएमएल नाही याची खात्री करावी.' लिम्फोसाइट इतके कमी, अपक्व पेशी दिसतायत, मग हा ब्लड कॅन्सर आहे का? नुसत्या टक्क्यांवरून काय कळतं?

उत्तर:

तुमचं मन आधी थोडं हलकं करतो. तुम्ही दिलेले आकडे पाहता ही शरीराची जंतुसंसर्गाला दिलेली जोरदार प्रतिक्रिया असण्याची शक्यता कॅन्सरपेक्षा बरीच जास्त आहे. असं मी का म्हणतो ते खाली सविस्तर सांगतो. पण मी स्लाइड पाहिलेली नाही, वडिलांच्या पोटावर हात ठेवून प्लीहा वाढली आहे का ते तपासलेलं नाही आणि त्यांचे जुने रिपोर्टही माझ्यासमोर नाहीत. या तीन गोष्टींपैकी एकीनेही माझं मत बदलू शकतं. त्यामुळे हे निदान समजू नका. मी बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या स्लाइड पाहतो आहे. असा रिपोर्ट हातात आला की मी कोणत्या क्रमाने विचार करतो, एवढंच इथे मांडतो आहे.

सगळ्यात आधी टक्के बाजूला ठेवायचे. डिफरन्शियल म्हणजे रंगवलेल्या स्लाइडवर शंभर किंवा दोनशे पांढऱ्या पेशी मोजून त्यांत कोण किती आहेत ते लिहिणं. ही वाटणी झाली, संख्या नव्हे. संख्या काढायची तर एकूण आकड्याला टक्क्याने गुणायचं. वडिलांचे लिम्फोसाइट ५ टक्के आहेत, म्हणजे ५८,००० चे ५ टक्के, २,९००. मोठ्या माणसात लिम्फोसाइट साधारण १,५०० ते ४,००० असतात. म्हणजे ज्या आकड्याने तुम्हाला घाबरवलं तो पूर्णपणे नॉर्मल आहे. लिम्फोसाइट कुठेही गेलेले नाहीत, न्यूट्रोफिलची गर्दी एवढी झाली की त्यांचा वाटा लहान दिसतोय. आता न्यूट्रोफिल पाहा. ७८ टक्क्यांचे ४५,२४० होतात, बँड धरले तर पन्नास हजारांच्या वर. एरवी ही संख्या २,००० ते ७,५०० च्या दरम्यान असते. बदल झालाय तो इथे, आणि सगळा विचार या एका पेशीभोवती करायचा आहे.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही फसवतो. एखाद्याच्या पांढऱ्या पेशी ३,००० आणि लिम्फोसाइट ६० टक्के असले की रिपोर्ट वाचणारे 'लिम्फोसाइट वाढलेत' म्हणतात. प्रत्यक्षात ते १,८०० आहेत, म्हणजे नेहमीइतकेच. कमी झालेत ते न्यूट्रोफिल, आणि लक्ष तिकडे द्यायला हवं. म्हणून लॅबने आकडे टक्क्यांतच दिले असले, तर गुणाकार स्वतः करून पाहायची सवय लावून घ्या.

मग एवढे न्यूट्रोफिल आले कुठून? रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिलपैकी साधारण निम्मेच आपल्या मोजणीत येतात. उरलेले रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसलेले असतात. जोरात पळालं, खूप घाबरलं, झटका आला की ते काही मिनिटांत सुटून प्रवाहात येतात आणि आकडा जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. त्यात अपक्व पेशी दिसत नाहीत आणि काही तासांत सगळं जागेवर येतं. स्टेरॉइड दिलं तरी न्यूट्रोफिल वाढतात, कारण भिंतीवरचे सुटतात, हाडांच्या मज्जेतले जास्त बाहेर पडतात आणि रक्तातून ऊतींमध्ये जाणारे कमी होतात. पण एकट्या स्टेरॉइडने आकडा सहसा वीस हजारांच्या आसपास थांबतो, पन्नास हजारांवर जात नाही. हे सांगायचं कारण असं की न्यूमोनियात कधी कधी स्टेरॉइड दिलं जातं. वडिलांना दिलं होतं का, ते डॉक्टरांना नक्की विचारा. दिलं असेल तर ५८,००० पैकी काही वाटा त्याचा असू शकतो, आणि इओसिनोफिल शून्य असण्याचाही. कारण स्टेरॉइडने इओसिनोफिल रक्तातून पटकन नाहीसे होतात. तीव्र जंतुसंसर्गातही तेच होतं, म्हणून तो शून्य या चित्रात अगदी शोभतो.

खरा साठा मज्जेत असतो. रक्तात जेवढे न्यूट्रोफिल असतात त्याच्या कितीतरी पट तयार न्यूट्रोफिल मज्जेत राखीव असतात. जंतुसंसर्ग, मोठी सूज, भाजणं, हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया, मोठा रक्तस्राव यांपैकी काही झालं की ग्रॅन्युलोसाइट वाढवणारं जी-सीएसएफ नावाचं द्रव्य वाढतं आणि मज्जेचं दार उघडतं. आधी पूर्ण वाढलेले न्यूट्रोफिल बाहेर येतात. मागणी थांबली नाही तर त्यांच्या मागचे, केंद्रक अजून वाकड्या पट्टीसारखं असलेले बँड येतात. त्यांच्याही मागून मेटामायलोसाइट, आणि फारच ओढ लागली तर मायलोसाइट. यालाच लेफ्ट शिफ्ट म्हणतात. तुम्ही म्हणता त्या 'अपक्व पेशी' या आहेत. त्या दिसणं हाच काही कॅन्सरचा पुरावा नाही. घाईघाईत पाठवलेल्या कुमकेतले पोरसवदा शिपाई म्हणा.

कॅन्सर नसताना पांढऱ्या पेशी ५०,००० च्या पुढे गेल्या की त्याला सर्वसाधारणपणे ल्युकेमॉइड रिॲक्शन म्हणतात, म्हणजे ल्युकेमियासारखं दिसणारं पण ल्युकेमिया नसलेलं. हा आजार नव्हे, हे फक्त रक्ताच्या चित्राला दिलेलं वर्णन आहे. 'ल्युकेमॉइड' शब्दावर चौकशी संपत नाही, तिथे सुरू होते. दोन प्रश्न उरतात. ही खरंच प्रतिक्रिया आहे, की क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रिपोर्टवरचा तो सीएमएल? आणि प्रतिक्रिया असेल तर नेमकी कशाची?

पहिल्या प्रश्नासाठी मी आधी अपक्व पेशींची उतरंड पाहतो. वडिलांचे बँड ९, मेटामायलोसाइट ४, मायलोसाइट २. जितकी पेशी कोवळी तितकी ती कमी. प्रोमायलोसाइट आणि ब्लास्ट या सगळ्यांत कोवळ्या पेशी, त्यांतली एकही नाही. मज्जेची शिस्त शाबूत आहे, फक्त दार उघडं आहे, असा याचा अर्थ. सीएमएलमध्ये ही उतरंड बिघडते. तिथे मायलोसाइट मेटामायलोसाइटपेक्षा जास्त दिसतात. मधल्याच पायरीवर गर्दी होते, कारण तिथे मागणीवरून माल बाहेर जात नसतो, तर कारखानाच स्वतःच्या मर्जीने सुटलेला असतो. आणि ब्लास्ट बरेच आहेत, पूर्ण वाढलेले न्यूट्रोफिलही आहेत, पण मधल्या पायऱ्या गायब आहेत, असं दिसलं तर तो तातडीचा मामला असतो. ते अक्यूट ल्युकेमियाचं चित्र आहे. वडिलांच्या आकड्यांत त्याची खूण नाही.

दुसरी गोष्ट बेसोफिल. माझ्या दृष्टीने तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात बोलका आकडा तो शून्य आहे. जंतुसंसर्गात बेसोफिल वाढत नाहीत. सीएमएलमध्ये ते जवळजवळ नेहमीच वाढतात, आणि पुष्कळदा इओसिनोफिलही. मात्र या शून्यावर किती विसंबायचं हे लॅबने किती पेशी मोजल्या यावर ठरतं. खरं प्रमाण २ टक्के असेल आणि फक्त शंभर पेशी मोजल्या, तर निव्वळ योगायोगाने एकही बेसोफिल न सापडण्याची शक्यता शंभरात तेरा वेळा असते. दोनशे मोजल्या तर ती शंभरात दोनच्याही खाली येते. म्हणून एवढ्या मोठ्या आकड्यात मी किमान दोनशे मोजतो. स्लाइडच्या कोणत्या भागात मोजल्या हेही महत्त्वाचं असतं, कारण रक्ताचा थेंब ओढून पसरताना मोठ्या, कोवळ्या पेशी कडेला आणि शेपटीला सरकतात. फक्त मध्ये पाहिलं तर त्या सुटतात, फक्त कडेला पाहिलं तर त्याच त्या दिसतात.

बेसोफिलवर मी एवढा का अडतो, याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात चाळिशीतल्या एका बाईंचा नमुना माझ्याकडे आला होता. पांढऱ्या पेशी ४६,०००, सोबतच्या चिठ्ठीवर 'ताप, लघवीत जंतू'. स्लाइडवर न्यूट्रोफिल भरपूर होते, मायलोसाइट ११ आणि मेटामायलोसाइट ६. बेसोफिल मी ५ मोजले होते. चिठ्ठीत तापाचं कारण दिलेलं होतं, त्यामुळे 'जंतुसंसर्गामुळे न्यूट्रोफिल वाढ, लेफ्ट शिफ्ट' असा शेरा मी लिहून मोकळा झालो. दोन महिन्यांनी पोट जड वाटतं म्हणून त्या पुन्हा आल्या, तेव्हा प्लीहा बेंबीपर्यंत पोचली होती आणि आकडा दीड लाखाच्या घरात होता. मी जुनी स्लाइड काढून पाहिली. उत्तर पहिल्याच दिवशी तिथे होतं. मायलोसाइटची गर्दी होती, बेसोफिल होते, मी स्वतः मोजले होते आणि चिठ्ठीवर विश्वास ठेवून बाजूला सारले होते. लघवीतला जंतुसंसर्ग खोटा नव्हता. तो सीएमएलच्या जोडीला होता. तेव्हापासून मी स्लाइड आधी पाहतो आणि चिठ्ठी नंतर वाचतो. तुम्हीही लक्षात ठेवा, न्यूमोनिया असणं हा सीएमएल नसण्याचा पुरावा नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांत दिसत नाही, त्यासाठी डोळाच लागतो. ती म्हणजे न्यूट्रोफिल दिसतात कसे. संसर्गात घाईने तयार झालेल्या न्यूट्रोफिलमध्ये जांभळे, ठळक, खरबरीत कण दिसतात. त्यांना टॉक्सिक ग्रॅन्युल म्हणतात. पेशीच्या कडेला फिकट निळे डाग दिसतात, त्यांचं नाव डोहले बॉडी. पेशीद्रव्यात कधी पोकळ बुडबुडे दिसतात. सीएमएलचे न्यूट्रोफिल मात्र बहुतेक वेळा अगदी स्वच्छ असतात, जणू काही घडलंच नाही. एक सावधगिरी सांगतो. केमोथेरपीनंतर जी-सीएसएफचं इंजेक्शन दिलेल्या माणसातही असेच टॉक्सिक कण दिसतात, त्यामुळे ती माहिती आधी हवी. वडिलांच्या रिपोर्टवर 'टॉक्सिक ग्रॅन्युल दिसतात' किंवा 'दिसत नाहीत' असं काहीच लिहिलेलं नसेल, तर लॅबमध्ये फोन करून ज्यांनी स्लाइड पाहिली त्यांना विचारा. हा प्रश्न रास्त आहे, कुणी वाईट मानणार नाही. आणि डिफरन्शियल फक्त मशिनने काढलेलं असेल तर स्लाइड पाहायची विनंती करा. पाच भागांत वाटणी करणारं मशिन नॉर्मल रक्तात उत्तम काम करतं, पण बँड ते न्यूट्रोफिलमध्येच धरतं आणि अपक्व पेशी दिसल्या की इशारा देऊन थांबतं. तुमच्या रिपोर्टमध्ये बँड आणि मेटामायलोसाइट वेगळे दिलेत, म्हणजे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं दिसतंय.

आता 'खात्री करावी' म्हणजे काय करायचं. पूर्वी आम्ही लॅप स्कोअर करायचो. न्यूट्रोफिलमधल्या अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमला रंग द्यायचा, शंभर न्यूट्रोफिल पाहायचे, प्रत्येकाला रंगाच्या गडदपणावरून ० ते ४ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. ल्युकेमॉइडमध्ये बेरीज वाढलेली येते, सीएमएलमध्ये फार कमी. चाचणी स्वस्त आणि सुंदर आहे. पण सीएमएलच्याच रुग्णाला संसर्ग झाला किंवा गर्भारपण आलं तर तो स्कोअर वर चढतो आणि नेमक्या अडचणीच्या वेळी दगा देतो. आता तिची जागा जनुकीय चाचणीने घेतली आहे. १९६० मध्ये नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ते फिलाडेल्फियात सापडलं म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याने ते आखूड होतं. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं जोडजनुक तयार होतं, आणि सीएमएल होतो तो त्याच्यामुळेच. ते आहे की नाही हे साध्या रक्ताच्या नमुन्यावर पीसीआरने कळतं. सुरुवातीलाच मज्जेत सुई घालावी लागत नाही. नसेल तर सीएमएल नाही.

ही चाचणी आजच करायची का? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि दोन चांगले डॉक्टर वेगवेगळं उत्तर देऊ शकतात. माझं मत असं: प्लीहा वाढलेली नाही, बेसोफिल नाहीत, टॉक्सिक कण आहेत आणि माणूस बरा होतोय, तर मी आधी आकडा कुठे जातो ते पाहीन. प्लीहा हाताला लागत असेल, बेसोफिल दिसले असतील किंवा वडिलांचा सहा महिन्यांपूर्वीचा एखादा रिपोर्ट सापडला आणि त्यातही पेशी वीस-पंचवीस हजार असतील, तर मी लगेच पाठवीन. तो जुना रिपोर्ट आज घरी शोधा. मधुमेहाच्या तपासणीचा असो की जुन्या शस्त्रक्रियेआधीचा, एका जुन्या आकड्याने जे कळतं ते महागड्या चाचणीने कळेलच असं नाही. सहा महिन्यांपूर्वी पेशी ७,००० असतील तर संसर्गाची बाजू खूप भक्कम होते.

हिमोग्लोबिन ११.२ आणि प्लेटलेट ५.१ लाख यांनीही मला धक्का बसला नाही. मोठ्या सुजेत प्लेटलेट वाढतात आणि हिमोग्लोबिन थोडं घसरतं. सीएमएलमध्येही प्लेटलेट वाढतात, म्हणून हा आकडा कुणाच्याच बाजूने फारशी साक्ष देत नाही. मात्र प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही खूप पडलेले असते आणि स्लाइडवर केंद्रक असलेल्या लाल पेशी दिसल्या असत्या, तर मज्जेत काही शिरलंय का, ही शंका मी घेतली असती.

ल्युकेमॉइड म्हणजे दर वेळी न्यूट्रोफिलच असतात असं नाही. बाकीच्या दोन पेशींबद्दल थोडं सांगतो, कारण तर्क तोच आहे. लहान बाळाला डांग्या खोकला झाला की लिम्फोसाइट पन्नास हजारांवरही जाऊ शकतात. त्या जंतूचं विष लिम्फोसाइटला रक्तातून लसिकाग्रंथींत परतू देत नाही, म्हणून ते रक्तातच साचतात. ते लहान आणि पूर्ण वाढलेले असतात, ब्लास्ट नसतात, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक असतात. हे शेवटचे मुद्दे बाळाला ल्युकेमिया नाही असं मानायला बळ देतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलात लिम्फोसाइट एरवीही न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात, त्यामुळे मोठ्यांचे आकडे त्यांना लावू नयेत. तरुणांत एपस्टीन-बार विषाणूने घसा आणि गाठी सुजल्या की लिम्फोसाइट मोठे, निळसर आणि प्रत्येक वेगळ्या आकाराचा दिसतो, शेजारच्या लाल पेशींना बिलगून वाकलेला. त्यांतली विविधताच दिलासा देते. याउलट साठीतल्या माणसात सगळे लिम्फोसाइट एकाच साच्यातून काढल्यासारखे, सोबत स्लाइडवर चिरडलेल्या पेशींचे डाग, आणि संख्या महिनोन्महिने वाढलेली, असं असेल तर क्रॉनिक लिम्फोसाइटिक ल्युकेमियाचा विचार करावा लागतो. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री नावाची चाचणी आहे. तिच्यात बी-लिम्फोसाइट ५,००० च्या वर असणं आणि ते किमान तीन महिने तसं राहणं, ही त्या निदानाची अट आहे.

इओसिनोफिलबाबतही आधी गुणाकार. ८ टक्के इओसिनोफिल असं लिहिलेलं असतं तेव्हा लोक घाबरतात, पण एकूण पेशी ५,००० असतील तर ते फक्त ४०० होतात, आणि ५०० पर्यंत चालतं. त्याच्या वर गेले तर बहुतेक वेळा कारण दमा, ॲलर्जी, त्वचेचा आजार, एखादं औषध किंवा जंत हेच असतं. जंतांमध्येही शरीराच्या ऊतींतून प्रवास करणारे जंत इओसिनोफिल वाढवतात. जियार्डिया आणि अमीबा आतड्यात त्रास देतात, पण त्यांच्यामुळे सहसा हा आकडा वाढत नाही. १,५०० च्या वर आणि टिकून राहणारी वाढ मी हलक्यात घेत नाही, कारण इओसिनोफिलमधली द्रव्यं हृदयाच्या आतल्या अस्तराला इजा करू शकतात. नवीन औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप, पुरळ, सुजलेला चेहरा आणि वाढलेले इओसिनोफिल असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ते औषध थांबवायचा निर्णय घ्यावा लागतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत इओसिनोफिलची एक चांगली खूण येत्या दिवसांत दिसू शकते. संसर्ग ओसरू लागला की ते शून्यावरून परत दिसू लागतात.

आता पुढचे दिवस. संसर्ग आटोक्यात येतोय असं धरलं, तर पुढच्या काही दिवसांत आकडा खाली यायला लागायला हवा. आधी मायलोसाइट आणि मेटामायलोसाइट नाहीसे होतात, मग बँड कमी होतात, शेवटी एकूण आकडा उतरतो. ताप उतरला आणि आकडा दोन दिवस तसाच राहिला तर घाबरू नका. पण ताप परत आला किंवा आकडा चढू लागला तर कारण शोधायला हवं. फुप्फुसाभोवती पू साचलाय का, फुप्फुसातच गळू झालंय का, यासाठी सोनोग्राफी किंवा सीटी लागू शकतो. वडिलांना नव्याने जुलाब सुरू झाले तर ते लगेच सांगा. अँटिबायोटिकमुळे आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल वाढतो, आणि रुग्णालयात ल्युकेमॉइड आकडे दाखवणाऱ्या कारणांपैकी ते एक ओळखीचं कारण आहे. जुलाब सुरू होण्याआधीच पेशी वाढलेल्या मी पाहिल्या आहेत. क्षयरोगही या यादीत आहे, म्हणून थुंकीची तपासणी झाली नसेल तर तीही विचारा.

तीन आठवड्यांनी माणूस बरा आहे आणि पेशी अजूनही तीस-चाळीस हजार आहेत, असं झालं तर बीसीआर-एबीएल करायलाच हवी, आधी केली नसेल तर. ती नकारात्मक आली तरी तिथे थांबू नका. काही गाठी, त्यांत फुप्फुसाचीही, स्वतःच जी-सीएसएफ बनवतात आणि मज्जेला खोटा निरोप देत राहतात. अशा वेळी स्लाइडवर चित्र अगदी प्रतिक्रियेचंच असतं, आणि ती प्रतिक्रिया असतेही, पण जंतूंना नव्हे. क्रॉनिक न्यूट्रोफिलिक ल्युकेमिया नावाचा एक दुर्मीळ आजारही असाच, बेसोफिल न वाढवता, पूर्ण वाढलेले न्यूट्रोफिल वाढवत राहतो. त्यासाठी वेगळं जनुक तपासतात. पण तो विचार बाकीची सगळी कारणं नाहीशी झाल्यावरचा आहे.

वडील धूम्रपान करत असतील, किंवा पूर्वी करत होते, तर आणखी एक गोष्ट मनावर घ्या. न्यूमोनियाचा डाग एक्स-रेवर माणूस बरा झाल्यावरही काही आठवडे राहतो, म्हणून साधारण सहा आठवड्यांनी एक्स-रे परत काढतात. एखाद्या गाठीने श्वासनलिका अडवल्यामुळे तिच्या मागे न्यूमोनिया झाला असेल, तर तो डाग तेव्हाही हटलेला नसतो. डिस्चार्जच्या धावपळीत हा एक्स-रे सगळ्यांत आधी विसरला जातो. डिस्चार्जच्या कागदावर त्याची तारीख आणि रक्ताच्या पुढच्या तपासणीची तारीख, दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या. आजचा रिपोर्टही जपून ठेवा, म्हणजे पुढचा आकडा याच्याशी ताडून पाहता येईल.